स्वर विरताना येणारी खरखर: डायोड शॉर्ट केला की परत येते, घातला की ट्रान्झिस्टर जळतो

गाणं शिकवणाऱ्या एका ताईंचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा माझ्याकडे आला, तोवर तो दोन ठिकाणी दुरुस्त होऊन गेला होता. त्यांनी तक्रार एका वाक्यात सांगितली: "दादा, मोठा लावला की छान वाजतो, पण हळू केला की घशात काहीतरी अडकल्यासारखा होतो." एका दुरुस्तीत स्पीकर बदलला होता, दुसरीत आउटपुटचे दोन्ही ट्रान्झिस्टर. दोन्ही वेळा दोन-चार आठवडे बरे गेले आणि मग तेच.

"हळू केला की" हे शब्द ऐकताच निम्मं निदान होतं. आवाज वाढवल्यावर फाटत असेल तर ते क्लिपिंग, म्हणजे सप्लाय कमी पडतोय किंवा ड्राइव्ह जास्त झालाय. नॉब फिरवतानाच चरचरत असेल तर व्हॉल्यूम कंट्रोल झिजलाय. स्पीकरची कॉइल घासत असेल तर तोच आवाज दुसऱ्या चांगल्या स्पीकरवर स्वच्छ येतो. पण मोठ्या आवाजात नीट आणि लहान आवाजात खरखर, हे उलटं वागणं क्रॉसओव्हर डिस्टॉर्शनचं आहे, म्हणजे सिग्नल एका आउटपुट ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये पडणारी खोट. तानपुऱ्यात ते जास्तच बोचतं. तार छेडल्यावर स्वर हळूहळू विरत जातो, म्हणजे प्रत्येक आघातानंतर सिग्नल नेमका त्या खराब पट्ट्यात उतरतो. भाषणाच्या माइकवर कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

खात्री करायला मी मोबाइलवरच्या टोन जनरेटरमधून २०० हर्ट्झची साइन लाइन-इनमध्ये दिली. व्हॉल्यूम अर्ध्यावर असताना स्वर गोल होता. खाली आणत गेलो तसा त्याला धार येत गेली, मग तो मधमाशीसारखा झाला आणि सगळ्यात खाली, जिथे अजून हलकासा आवाज यायला हवा होता, तिथे एकदम नाहीसा झाला. चांगला अँप्लिफायर हळूहळू शून्यावर जातो, असा पायरीवरून घसरत नाही.

बोर्डवर काय होतं

१२ व्होल्टचा अडॅप्टर, आउटपुटचे दोन ट्रान्झिस्टर: वर बीडी१३९, खाली बीडी१४०. दोघांचे एमिटर थेट एकमेकांना जोडलेले आणि तिथून १००० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून ८ ओहमचा स्पीकर. या जोडीला चालवणारा एक छोटा ट्रान्झिस्टर, बीसी५४७. त्याच्या कलेक्टरपासून वर जाताना दोन १एन४१४८ डायोड, आणि त्यांच्यावर १२ व्होल्टपर्यंत साधारण १ किलोओहमचा रेझिस्टर. वरचा बेस डायोडच्या वरच्या टोकाला, खालचा बेस खालच्या टोकाला. स्वस्त बोर्डांवर हाच नकाशा थोड्याफार फरकाने दिसतो.

आधीच्या दुरुस्तीत मधला बिंदू तपासला असणार, कारण तो अगदी बरोबर होता: एमिटर जिथे मिळतात तिथे ६ व्होल्ट. इथेच बरेच जण फसतात. हा ६ व्होल्टचा बिंदू फीडबॅक, म्हणजे आउटपुटवरून मागे बीसी५४७ कडे परत जाणारी जोडणी, सांभाळते, त्यामुळे बायस, म्हणजे दोन बेसमध्ये कायम राखायचं व्होल्टेज, पूर्ण मेलेला असला तरी तो ६ च दाखवतो. "व्होल्टेज सगळे बरोबर आहेत" असं म्हणून मग स्पीकर बदलला जातो.

मोजायचं असतं ते एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचं व्होल्टेज. सिग्नल बंद ठेवून दोन्ही प्रोब दोन बेसवर ठेवले तर चांगल्या सर्किटमध्ये १.२ ते १.४ व्होल्ट दिसायला हवेत. इथे दिसले ०.६९. बोर्ड उलटा केला तर दोनपैकी एका डायोडच्या दोन्ही टोकांवर, खालच्या बाजूने, रेझिस्टरच्या कापलेल्या पायाचा तुकडा नीट सोल्डर केलेला. अपघाताने पडलेला थेंब नव्हता तो. कुणीतरी हा डायोड मुद्दाम शॉर्ट केला होता. का केला असेल, हे कळल्याशिवाय तार काढण्यात अर्थ नव्हता.

आधी खरखर

सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरवर साधारण ०.६ व्होल्ट आल्याशिवाय तो नावापुरताही करंट सोडत नाही. वरचा सिग्नलची वरची बाजू उचलतो, खालचा खालची. दोघांना मिळून १.२ व्होल्ट हवेत आणि एका डायोडने ०.६९ दिले, म्हणजे अर्धा व्होल्ट कमी पडला. सिग्नल मध्यबिंदूच्या ०.२५ व्होल्ट वर आणि ०.२५ व्होल्ट खाली असेपर्यंत दोघेही झोपलेले. स्पीकर त्या वेळात कुणाच्याच हातात नसतो.

३ व्होल्ट शिखराच्या सिग्नलला ही मेलेली पट्टी किती जाणवेल आणि अर्ध्या व्होल्टच्या सिग्नलला किती, याचा हिशेब सोपा आहे. साइनच्या एका आवर्तनात ती पट्टी चार वेळा अर्धी-अर्धी ओलांडली जाते:

```
4 × asin(0.25 / 3.0) ≈ 19°
4 × asin(0.25 / 0.5) = 120°
```

मोठ्या आवाजात ३६० अंशांपैकी १९ अंश हरवतात, कानाला ते चालून जातं. लहान आवाजात पूर्ण एक तृतीयांश लाट गायब होते. आणि पाव व्होल्टच्या खाली काहीच उरत नाही, तीच माझी "पायरी". पाव व्होल्ट म्हणजे ८ ओहममध्ये जेमतेम ४ मिलिवॅट, पण शांत खोलीत तेवढा आवाज सहज ऐकू येतो. रियाजाच्या वेळी तानपुरा साधारण तेवढाच ठेवतात.

फीडबॅक हे सगळं भरून काढेल असं वाटतं, आणि काही प्रमाणात तो काढतोही. प्रत्यक्ष पट्टी या हिशेबापेक्षा अरुंद होते. पण इथे फीडबॅकला हात फक्त एका बीसी५४७ चा आहे. दोघेही ट्रान्झिस्टर बंद असताना आउटपुट हलतच नाही, त्यामुळे दुरुस्तीची ताकद नेमकी गरजेच्या क्षणी सगळ्यात कमी असते.

डायोड इथे काय करतो तर दोन बेसमध्ये कायमचं अंतर राखतो. बीसी५४७ चा करंट, आपल्या बोर्डवर साधारण ५ मिलिअँपिअर, डायोडांमधून वाहतो आणि प्रत्येकावर ०.६८ च्या आसपास व्होल्ट उभे राहतात. सिग्नल वर-खाली गेला तरी दोन्ही बेस एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर राहून एकत्र सरकतात. त्यामुळे एक ट्रान्झिस्टर सोडण्याआधीच दुसऱ्याने धरलेलं असतं, आणि दोघांमधून शांततेतही थोडा करंट वाहत राहतो. त्याला आयडल करंट म्हणू. दुसरा डायोड परत आला की खरखर जाते, हे प्रत्येक पुस्तकात आहे. ताईंचा तानपुरा मात्र दुसरा डायोड असतानाच जळाला होता.

मग जळणं

तार काढली, दोन्ही डायोड नवे घातले आणि बेसमधले व्होल्ट पाहिले: १.३६. खरखर गेली. पण दोन मिनिटांत बीडी१३९ ला बोट लावता येईना. म्हणजे आधीच्या माणसाने शॉर्ट का मारला ते कळलं. ट्रान्झिस्टर जळला, नवा घातला, तोही तापला, एक डायोड शॉर्ट करताच थंड झाला. बोर्ड थंड म्हणजे दुरुस्त, असं समजून त्याने तो दिला. त्याचा दोष फार मोठा नाही, पण खरखर परत यायची होतीच.

गोम अशी की डायोड आणि ट्रान्झिस्टर ही सारखी जात असली तरी सारखी मापं नाहीत. छोट्या १एन४१४८ वर ५ मिलिअँपिअरला ०.६८ व्होल्ट पडतात. आतली चिप मोठी असलेल्या बीडी१३९ ला १० मिलिअँपिअरसाठी ०.६३ च्या आसपास पुरतात. म्हणजे प्रत्येक ट्रान्झिस्टरला गरजेपेक्षा ५० मिलिव्होल्ट जास्त. ऐकायला नगण्य वाटतं, पण इथे दर १८ मिलिव्होल्टला करंट दुप्पट होतो आणि ६० ला दहापट. ५० मिलिव्होल्टने १० चे सुमारे ७० मिलिअँपिअर होतात.

प्रत्येक ट्रान्झिस्टरवर ६ व्होल्ट आहेत, तेव्हा ७० मिलिअँपिअरला ०.४२ वॅट. हीटसिंक नसलेला बीडी१३९ दर वॅटला साधारण १०० अंश तापतो. म्हणजे ४२ अंश वाढ. आणि तापलेल्या जंक्शनला तोच करंट सोडायला दर अंशामागे २ मिलिव्होल्ट कमी लागतात, म्हणजे ८४ मिलिव्होल्ट कमी. तिकडे डायोड दोन सेंटिमीटरवर, बोर्डवर गार बसलेला, आपले १.३६ व्होल्ट देतच राहतो. करंट वाढतो, उष्णता वाढते, व्होल्टेजची गरज घटते, करंट आणखी वाढतो. याला थर्मल रनअवे म्हणतात आणि स्पीकर न वाजवताही हे होतं.

आधी खरखर, मग जळणं, मग शॉर्ट, मग परत खरखर. ही चक्की थांबवायची तर डायोड घालणं पुरेसं नाही. त्याच्याबरोबर एमिटरला रेझिस्टर हवा आणि डायोडला ट्रान्झिस्टरची ऊब कळायला हवी.

रेझिस्टर किती

हा हिशेब एक मिलिअँपिअरपुरता करून पाहावा, सगळं उघड होतं. आयडल १ मिलिअँपिअरने वाढला की ट्रान्झिस्टरमध्ये ६ मिलिवॅट जास्त जिरतात. हीटसिंक नसेल तर त्याने तापमान ०.६ अंश वाढतं, म्हणजे व्होल्टेजची गरज १.२ मिलिव्होल्टने घटते. ही पळवणारी बाजू. एमिटरला १ ओहम असेल तर त्याच १ मिलिअँपिअरने त्याच्यावर १ मिलिव्होल्ट जास्त पडतो. ही थांबवणारी बाजू. ट्रान्झिस्टरचा आतला अवरोधही थोडी मदत करतो, पण करंट वाढेल तशी ती मदत आटते.

१.२ विरुद्ध १. म्हणजे नुसता १ ओहम घालून भागत नाही. प्रकरण काठावर राहतं, आणि मे महिन्यात बंद डब्यात ते काठाच्या पलीकडे जाईल. बरेच जण इथेच "रेझिस्टर घातला तरी जळला" म्हणून सोडून देतात. ट्रान्झिस्टरला अॅल्युमिनियमची एखादी छोटी पट्टी दिली आणि दर वॅटला १०० ऐवजी ४० अंश धरले, तर पळवणारी बाजू ०.५ मिलिव्होल्टवर येते. आता १ ओहम निवांत जिंकतो.

रेझिस्टर वाढवत का नेऊ नये? कारण तो स्पीकरच्या वाटेत बसतो. १ ओहमने ८ ओहमच्या स्पीकरचं एक नवमांश व्होल्टेज खाल्लं, एवढं तानपुऱ्यात कळत नाही. ३ ओहम मात्र कळेल. मोठ्या अँप्लिफायरमध्ये ०.२२ किंवा ०.४७ ओहम दिसतात, पण तिथे हीटसिंकही तसेच मोठे असतात.

१ ओहमचा आणखी एक फायदा मला फार आवडतो. त्याच्या दोन टोकांवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. सर्किट तोडून मीटर ओढायची गरजच नाही.

प्रत्यक्ष केलेलं काम

दोन्ही एमिटर वेगळे केले. त्यासाठी ट्रॅक कापावा लागला, ब्लेडने दोन मिलिमीटर. मग प्रत्येक एमिटरपासून मधल्या बिंदूपर्यंत १ ओहम, अर्ध्या वॅटचा. पाव वॅटचाही पुरला असता.

हीटसिंकसाठी २ मिलिमीटर जाडीची पट्टी, दोन्ही ट्रान्झिस्टरला सामाईक. इथे जपायला हवं. बीडी मालिकेच्या पाठीवरचा उघडा धातू म्हणजे कलेक्टर. बीडी१३९ चा कलेक्टर १२ व्होल्टवर आहे, बीडी१४० चा ग्राउंडवर. दोघांना एकाच पट्टीवर तसंच कसलं तर सप्लाय शॉर्ट. दोघांखाली अभ्रक घातला, दोन्ही बाजूंनी पेस्ट लावली, आणि पॉवर देण्याआधी दोन्ही कलेक्टरपासून पट्टीपर्यंत कंटिन्युइटी वाजत नाही ना हे पाहिलं.

डायोड बोर्डवरून उचलले. पुण्यात तापकीर गल्लीतून आणलेल्या पातळ वायरी जोडून एक डायोड बीडी१३९ च्या प्लॅस्टिकच्या तोंडावर आणि दुसरा बीडी१४० च्या तोंडावर बसवला. काच पॅकेजला टेकायला हवी. मध्ये थोडी पेस्ट, वरून उष्णता सोसणारा गोंद. पायांना स्लीव्ह. हा डायोड आता ट्रान्झिस्टरबरोबर तापतो आणि त्याचंही व्होल्टेज दर अंशाला २ मिलिव्होल्टच्या हिशेबाने उतरतं, त्यामुळे बेसमधलं अंतर आपोआप आवळलं जातं. पण उष्णता पॅकेजमधून काचेपर्यंत यायला वेळ लागतो, जंक्शन आधी तापतं आणि डायोडला उशिरा कळतं. तेवढा वेळ रेझिस्टर सांभाळतो, म्हणून दोन्ही लागतात.

पहिल्यांदा पॉवर देताना सप्लायच्या वाटेत ४७ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घातला. काहीही चुकलं तरी पाव अँपिअरच्या वर जात नाही. हे आळसाने टाळू नये, कारण या सर्किटमध्ये शॉर्ट झालेल्या डायोडपेक्षा उघडा पडलेला डायोड कितीतरी वाईट. शॉर्ट झाला तर नुसती खरखर येते. उघडा पडला, म्हणजे एक सोल्डर कच्चा राहिला किंवा वायर तुटली, तर वरचा १ किलोओहमचा रेझिस्टर सगळे ५ मिलिअँपिअर बीडी१३९ च्या बेसमध्ये ओततो आणि खालून बीसी५४७ बीडी१४० ला ओढतो. दोघेही पूर्ण उघडतात, सप्लायपासून ग्राउंडपर्यंत सरळ रस्ता. ट्रान्झिस्टरने बेसचा करंट ८० पट केला तर ०.४ अँपिअर, प्रत्येकात २ वॅटच्या वर. सेकंदांचा खेळ. चालू सर्किटमध्ये डायोड हलवून पाहणारे याच वाटेने ट्रान्झिस्टर घालवतात. आउटपुटचे दोन्ही एकदम जळलेले दिसले की मी आधी डायोडचे सोल्डर तपासतो.

माझ्या बोर्डवर ४७ ओहमवर १.५ व्होल्ट पडले, म्हणजे एकूण ३२ मिलिअँपिअर. ठीक. तो काढून थेट १२ व्होल्ट दिले. १ ओहमवर गार असताना २४ मिलिव्होल्ट. अर्धा तास झाकण लावून वाजवल्यावर २९. चढून थांबला, पळाला नाही. ट्रान्झिस्टरला बोट निवांत ठेवता येत होतं.

आणखी करंट दिला तर आणखी स्वच्छ?

नाही, आणि हा मोह अनेकांना होतो. डायोड बायस क्रॉसओव्हर पुसत नाही, कमी करतो. एकाकडून दुसऱ्याकडे हातबदल होताना दोघांच्या मिळून असलेल्या पकडीत किंचित चढउतार राहतोच. एमिटर रेझिस्टरवर साधारण २६ मिलिव्होल्ट असताना तो चढउतार सगळ्यात कमी असतो. त्याच्या बऱ्याच खाली गेलं तर मध्ये खळगा पडतो, बऱ्याच वर गेलं तर मध्ये फुगवटा येतो, कारण तिथे दोघेही एकदम ओढत असतात. आपले २४ ते २९ त्या जागेच्या आसपासच आहेत. तिसरा डायोड घालून "जास्त क्लास ए", म्हणजे दोन्ही ट्रान्झिस्टर सतत चालू, असा करायला गेलेला एक बोर्ड माझ्याकडे आला होता. त्याच्या पीसीबीवर ट्रान्झिस्टरच्या जागी फक्त काळे डाग होते.

तरीही खरखर राहिली तर

दोन ठिकाणं पाहावीत. पहिलं, १ किलोओहमच्या वाटेतला बूटस्ट्रॅप कॅपॅसिटर. बहुतेक बोर्डांवर तो रेझिस्टर ४७० आणि ५६० अशा दोन तुकड्यांत असतो आणि त्यांच्या मध्यापासून आउटपुटकडे १०० मायक्रोफॅरड गेलेला असतो. तो सुकला की सिग्नलच्या वरच्या शिखराला डायोडांचा आणि वरच्या बेसचा करंट आटतो आणि लाटेचा वरचा माथा कापला जातो. लक्षण मात्र उलटं असतं: खरखर मोठ्या आवाजात येते. जुन्या बोर्डवर मी तो न मोजताच बदलतो, रुपया-दोन रुपयांसाठी मीटर कशाला काढायचा.

दुसरं ठिकाण आउटपुट स्टेजच्या मागे आहे. एमिटर रेझिस्टरवर २५ मिलिव्होल्ट नीट दिसतायत आणि तरी लहान आवाजात धार आहे, असं झालं तर आधीच्या टप्प्यात एलएम३५८ किंवा एलएम३२४ आहे का बघा. या आयसींच्या स्वतःच्या आउटपुटमध्ये अशीच मेलेली पट्टी असते, आणि तिथे आपल्याला डायोड घालता येत नाही. आयसीच्या आउटपुट पिनपासून ग्राउंडला एक रेझिस्टर लावायचा, १२ व्होल्टवर ४.७ किलोओहमपासून सुरुवात करून. म्हणजे आयसीला सतत एकाच दिशेने करंट द्यावा लागतो आणि लहान सिग्नलला हातबदलाची वेळच येत नाही. ताईंच्या तानपुऱ्यात टोनच्या टप्प्यावर एलएम३५८ होताच. तो रेझिस्टर लावून २०० हर्ट्झची साइन परत खाली आणत गेलो, आणि या वेळी ती पायरीवरून न घसरता पंख्याच्या आवाजात मिसळून गेली.